तिन्ही पर्याय ऐकू येतात तेव्हा: आयईएलटीएस लिसनिंगमधले चकवे कसे ओळखावेत

लिसनिंगची पहिली सराव परीक्षा देऊन आलेले विद्यार्थी बहुतेक वेळा एकच तक्रार करतात: ‘सर, तिन्ही पर्याय ऐकू आले. मग त्यातला निवडायचा कोणता?’ ही तक्रार खरी आहे आणि ती कान कच्चा असल्याचे लक्षण नव्हे. बहुपर्यायी प्रश्न मुळातच तसे रचलेले असतात. तीनपैकी एकाच पर्यायाचा उल्लेख रेकॉर्डिंगमध्ये आला असता, तर संभाषणाचा अर्थ अजिबात न कळलेल्या माणसालाही तेवढा एक ओळखीचा शब्द पकडून गुण मिळवता आला असता. म्हणून प्रश्न काढणारे तिन्ही पर्यायांना संभाषणात जागा देतात, आणि त्यातल्या दोघांना बोलण्याच्या ओघातच कुठेतरी बाद करतात. या बाद होणाऱ्या पर्यायांना मी वर्गात ‘चकवे’ म्हणतो. रानातला चकवा माणसाला ओळखीच्याच वाटेवर फिरवत ठेवतो, तसेच हे पर्याय ओळखीच्या शब्दांनी आपल्याला खेचून घेतात.

पुढची पद्धत आयईएलटीएस डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे. या परीक्षेत लिसनिंगचे चार भाग आणि ४० प्रश्न असतात, रेकॉर्डिंग एकदाच ऐकवले जाते, आणि अ‍ॅकॅडमिक व जनरल ट्रेनिंग या दोन्ही प्रकारांना लिसनिंगची परीक्षा सारखीच असते. चकव्यांचा त्रास सर्वांत जास्त होतो तो तिसऱ्या भागात, जिथे दोन-तीन विद्यार्थी आपसात किंवा शिक्षकांबरोबर एखाद्या प्रकल्पाबद्दल बोलत असतात. तिथे मते मांडली जातात, मागे घेतली जातात, एकमेकांची खोडलीही जातात. त्यामुळे उदाहरणे मी त्याच भागाच्या धर्तीवर रचली आहेत.

पहिली पायरी: पर्यायांआधी प्रश्नवाक्य वाचा

रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी प्रश्न वाचण्यासाठी थोडा वेळ दिला जातो. नवखा विद्यार्थी या वेळात वरून खाली सगळे वाचत सुटतो आणि वेळ संपतो तेव्हा त्याच्या डोक्यात दहा-पंधरा पर्यायांची गर्दी झालेली असते. त्यातले दोन तृतीयांश पर्याय चुकीचे आहेत, हे लक्षात घ्या. म्हणजे आपण मोठ्या मेहनतीने चुकीची माहितीच डोक्यात भरून घेतलेली असते. त्यापेक्षा आधी सगळी प्रश्नवाक्ये नीट वाचावीत आणि उरलेल्या वेळात पर्यायांवरून नजर फिरवावी. वेळ अपुरा पडला, तर पर्याय थोडे कमी वाचलेले चालतील, पण प्रश्नवाक्य अर्धवट वाचलेले चालणार नाही.

प्रश्नवाक्यात तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, प्रश्न कोणाबद्दल आहे: एका विद्यार्थ्याबद्दल, दोघांबद्दल की शिक्षकांबद्दल? दुसरी, कोणत्या वेळेबद्दल आहे: आधी काय वाटत होते, प्रत्यक्षात काय घडले, की पुढे काय करायचे ठरले? तिसरी, नेमके काय विचारले आहे: अडचण, कारण, परिणाम की मत? ‘मुख्य’, ‘पहिले’, ‘सर्वांत’ असा शब्द असेल तर त्याखाली रेघ ओढावी, कारण अशा प्रश्नात बाकीचे दोन पर्यायही खरे असू शकतात आणि फक्त ते मुख्य नसतात.

पर्याय वाचताना प्रत्येकाचे एका-दोन शब्दांत चित्र करून घ्यावे. ‘तिथे भेटणाऱ्या लोकांमध्ये पुरेशी विविधता नव्हती’ असा लांबलचक पर्याय असेल, तर मनात ‘एकाच छापाची माणसे’ एवढेच ठेवावे. याचे कारण असे की बरोबर पर्याय रेकॉर्डिंगमध्ये सहसा छापील शब्दांत येत नाही. तो वेगळ्या शब्दांत, कधी नुसत्या उदाहरणातून येतो. डोक्यात चित्र असेल तर ते उदाहरणही त्याला जुळते, पण शब्द धरून बसलेला माणूस तो शब्द येण्याची वाट पाहत राहतो.

दुसरी पायरी: तीन खुणा, आणि गोल सर्वांत शेवटी

रेकॉर्डिंग चालू असताना प्रत्येक पर्यायाचे काय होते, हे कागदावर दिसत राहिले पाहिजे. मी विद्यार्थ्यांना तीनच खुणा शिकवतो. पर्यायाचा उल्लेख झाला की त्याच्या बाजूला ठिपका, तो बाद झाला की फुली, आणि वक्त्यांनी तो विषय सोडला की उरलेल्याभोवती गोल. ठिपक्याचा अर्थ फक्त ‘हा येऊन गेला’ एवढाच आहे, आणि ठिपका पडल्याबरोबर गोल करायचा नाही, हाच या पद्धतीचा गाभा आहे.

परीक्षा संगणकावर असेल तर पर्यायावर केलेली क्लिक नंतर बदलता येते, त्यामुळे पहिल्याच उल्लेखाला क्लिक करून मोकळे होण्याचा मोह होतो. पण अनेकांच्या बाबतीत मी पाहिले आहे की एकदा क्लिक झाली की पुढचे बोलणे त्याच उत्तराच्या बाजूने ऐकू येऊ लागते. माणूस नकळत आपल्याच निवडीची वकिली करू लागतो आणि ती खोडणारे वाक्य कानावरून निघून जाते. म्हणून संगणकावरही माऊसवरचा हात विषय संपेपर्यंत आवरावा.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू. परीक्षेतले संभाषण अर्थातच इंग्रजीत असते. इथे पर्यायांचे काय होते ते स्पष्ट दिसावे म्हणून ते मराठीत मांडले आहे.

प्रश्न: विद्यार्थ्यांनी मुलाखतींची जागा रेल्वे स्टेशनवरून वाचनालयात हलवली, याचे मुख्य कारण काय होते?
ए) स्टेशनवर फार गोंगाट होता.
बी) लोक घाईत असल्यामुळे थांबत नव्हते.
सी) तिथे भेटणाऱ्या लोकांमध्ये पुरेशी विविधता नव्हती.

शिक्षिका: तुम्ही स्टेशन सोडून वाचनालयात मुलाखती घ्यायला लागलात. गोंगाटामुळे का?
अ‍ॅना: गोंगाट होता हे खरंच. पण रेकॉर्डरवर आवाज अगदी स्वच्छ आले.
बेन: मला वाटलं होतं, कुणी थांबणारच नाही. जो तो गाडी पकडायच्या घाईत असणार.
अ‍ॅना: जाण्याआधी मलाही तसंच वाटलं होतं. पण फलाटावर वाट पाहत बसलेली माणसं उलट आनंदानं बोलत होती.
बेन: पहिल्याच सकाळी तीस मुलाखती झाल्या. नंतर त्या तपासल्या, तर जवळपास सगळे विशी-तिशीतले, नोकरीला जाणारे.
अ‍ॅना: आणि आम्हाला तर निवृत्त लोक हवे होते, शाळकरी मुलंही हवी होती.
शिक्षिका: अच्छा, म्हणून वाचनालय.

पहिला ठिपका शिक्षिकेच्या वाक्यावर पडतो. तिने ‘गोंगाट’ हा छापील शब्द जसाच्या तसा उच्चारला, पण तो प्रश्न म्हणून उच्चारला. प्रश्नातून आलेला पर्याय हा नुसता प्रस्ताव असतो. त्याचे काय झाले ते पुढच्या माणसाच्या उत्तरात कळते. अ‍ॅना त्यावर ‘खरंच’ म्हणते आणि घाई करणारा विद्यार्थी इथेच ‘ए’भोवती गोल करतो. पण पुढच्याच वाक्यात ती सांगते की आवाज स्वच्छ आले. म्हणजे गोंगाट होता ही गोष्ट खरी असूनही त्यामुळे जागा बदलावी लागली नाही. ‘ए’वर फुली.

‘बी’ वेगळ्या रीतीने बाद होतो. गोंगाट निदान खरा होता. लोकांची घाई ही मात्र केवळ भीती होती आणि ती खोटी ठरली. पण गंमत पाहा, या खोट्या ठरलेल्या पर्यायाबद्दल दोघेही एकमताने बोलतात. ‘मलाही तसंच वाटलं होतं’ हे वाक्य ऐकून दोघांचे एकमत झाले, म्हणजे हेच उत्तर, असे समजणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे एकमत आहे ते आधीच्या समजुतीबद्दल, आणि प्रश्न आहे निर्णयाच्या कारणाबद्दल.

‘सी’मधला ‘विविधता’ हा शब्द अख्ख्या संभाषणात कोणीही उच्चारत नाही. त्याऐवजी येतात विशी-तिशीतले नोकरदार, निवृत्त लोक आणि शाळकरी मुले. ‘एकाच छापाची माणसे’ हे चित्र डोक्यात असेल तर बेनच्या वाक्यावर ठिपका पडतो, आणि शिक्षिकेच्या ‘अच्छा, म्हणून वाचनालय’ या शब्दांवर विषय मिटतो. गोल तेव्हा करायचा, त्याआधी नाही.

आता हेच संभाषण ठेवून फक्त प्रश्न बदला: ‘जाण्याआधी दोघांना कोणत्या अडचणीची अपेक्षा होती?’ लगेच उत्तर ‘बी’ होते, जो क्षणापूर्वी चकवा होता. पर्याय बदलले नाहीत, संभाषण बदलले नाही. बदलली ती फक्त वेळ आणि विचारलेली गोष्ट. पहिल्या पायरीत प्रश्नवाक्यावर एवढा भर दिला आहे तो यामुळेच.

बाद करणारे शब्द आणि मराठी कान

इंग्रजीत पर्याय बाद होतो तेव्हा त्याची चाहूल देणारे शब्द फार नाहीत, पण त्यातले काही मराठी कानाला हुलकावणी देतात. मराठीत नकार साधारणपणे वाक्याच्या शेवटी येतो: ‘गोंगाट हे कारण होतं असं मला वाटत नाही.’ शेवटचा ‘नाही’ कानात वाजतो आणि अर्थ पक्का होतो. इंग्रजीत हेच वाक्य ‘आय डोन्ट थिंक इट वॉज द नॉइज’ असे येते. नकार अगदी सुरुवातीला, तोही आखूड आणि बिनजोराचा. वाक्याचा शेवट मात्र ‘नॉइज’ या ठसठशीत शब्दावर होतो. शेवटाकडे कान लावून बसलेल्याला ‘इट वॉज द नॉइज’ एवढेच ऐकू येते, म्हणजे अगदी उलटा अर्थ. यावर उपाय म्हणजे कान वाक्याच्या सुरुवातीला लावणे. नवे वाक्य सुरू होताच त्यातल्या क्रियापदाला नकार चिकटला आहे का, हे आधी टिपायचे. सराव म्हणून अशी दहा-बारा वाक्ये स्वतः मोठ्याने म्हणून पाहावीत. जीभ वळली की कानही वळतो.

‘आय थॉट’ हे दुसरे प्रकरण. ‘मला वाटलं होतं’ म्हणणारा मराठी माणूस बहुतेक वेळा पुढे ‘पण’ म्हणणारच असतो, आणि इंग्रजीतही ‘थॉट’वर जोर पडला की तसेच होते. जोर न देता म्हटलेले ‘आय थॉट’ मात्र साधे मतही असू शकते: ‘आय थॉट इट वॉज अ गुड टॉक’ म्हणजे भाषण चांगले वाटले, एवढेच. त्यामुळे इथे शब्दापेक्षा आवाजातला जोर ऐकावा लागतो.

तिसरे ‘वी वर गोइंग टू’. इथे मराठीची चांगली मदत होते, कारण ‘आम्ही जाणार होतो’ म्हटले की गेलो नाही हे आपल्याला न सांगता कळते. इंग्रजीतल्या या रचनेतही बहुतेक वेळा तेच असते: बेत होता, पण तो मोडला. ‘वी शुड हॅव’ ऐकले की ‘करायला हवं होतं’, म्हणजे केले नाही, असे समजावे. चौथा जोड ‘रादर दॅन’ आणि ‘इन्स्टेड ऑफ’ यांचा. यांच्या लगेच पुढे येणारी गोष्ट बाद असते, पण ती शेवटी येत असल्यामुळे कानात तीच रेंगाळते.

शब्दांची यादी याहून लांब करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही, कारण याद्या पाठ करणारे विद्यार्थी त्यातून सूत्र काढू लागतात. त्यातले सर्वांत घातक सूत्र म्हणजे ‘बट नंतर येते ते उत्तर’. वरच्या उदाहरणात ते सूत्र लागू पडल्यासारखे दिसेल, पण ‘महाग होतं, पण घेतलं’ असेही माणसे म्हणतात आणि ‘घेतलं, पण महाग पडलं’ असेही. काय घेतले, असा प्रश्न असेल तर एकदा उत्तर ‘पण’च्या नंतर आहे आणि एकदा आधी. ‘शेवटी येतो तो पर्याय बरोबर’ या सूत्राचेही तेच. निर्णय पहिल्याच वाक्यात सांगून नंतर सोडून दिलेल्या बेतांची हकिकत सांगणारे वक्तेही परीक्षेत येतात, आणि अशा ठिकाणी खरा पर्याय सर्वांत आधी येऊन गेलेला असतो. ‘बट’ ऐकले की एवढेच समजावे की आता आधीच्या ठिपक्याचे काहीतरी होणार आहे, आणि ते काय होते ते पुढच्या वाक्यात ऐकावे.

पाचांतून दोन निवडायचे असतील तर

‘पुढीलपैकी कोणत्या दोन गोष्टींवर दोघांचे एकमत आहे?’ अशा प्रश्नात पाच पर्याय असतात, पाचांचाही उल्लेख होतो, आणि दोन अक्षरांना मिळून दोन गुण असतात. एक अक्षर बरोबर आले तरी एक गुण मिळतो, म्हणून दुसरे कळले नाही या निराशेत पहिलेही सोडून देऊ नये. एका उत्तराच्या प्रश्नांत प्रश्नांचा क्रम आणि रेकॉर्डिंगचा क्रम एकच असतो, हा मोठा आधार असतो. इथे मात्र पाच पर्याय कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. त्यामुळे या पर्यायांची चित्रे रेकॉर्डिंगपूर्वीच करून ठेवणे भाग आहे.

एकमताच्या प्रश्नात पहिल्या माणसाचे वाक्य कितीही ठाम असले तरी ते अर्धेच असते. उत्तर दुसऱ्याच्या प्रतिक्रियेत असते आणि ती प्रतिक्रिया बहुधा दोन-तीन शब्दांची असते. समजा अ‍ॅना म्हणाली की प्रश्नावली फार लांब झाली, आणि बेन म्हणाला ‘यू थिंक सो?’ आपण मराठीत ‘हो का?’ म्हणतो तसेच हे. शब्दांत नकार नाही, पण संमतीही नाही. हा पर्याय एकट्या अ‍ॅनाचा राहिला. बेन ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ किंवा ‘आय वॉज गोइंग टू से द सेम’ म्हणाला तर संमती उघड आहे. नवखे अडतात ते ‘आय सपोज सो’पाशी. त्यात उत्साह नसतो, आवाज उतरलेला असतो, पण ती संमतीच असते, जशी ‘बरं, असेल तसं’ ही आपली संमती असते. तरीही तिथे लगेच गोल करू नये, कारण अशा थंड संमतीनंतर वक्ता काही वेळा एखादी अट किंवा शंका जोडून ती मागे घेतो.

या प्रकारात पर्यायाच्या बाजूला ठिपक्याऐवजी बोलणाऱ्याच्या नावाचे पहिले अक्षर लिहावे. अ‍ॅनाने म्हटले तर ‘अ’, बेनने मान्य केले तर त्याला जोडून ‘ब’. ज्यांच्यापुढे दोन अक्षरे पडली ते दोन पर्याय उत्तराचे.

अडलात तर

कधीकधी एका प्रश्नावर विचार चालू असतानाच संभाषण पुढच्या प्रश्नाच्या विषयावर गेलेले असते. हे ओळखायला पुढच्या प्रश्नवाक्यातले नाम कामी येते. पुढचा प्रश्न ‘प्रश्नावली’बद्दल असेल आणि कानावर ‘क्वेश्चनेअर’ पडला, तर मागचा प्रश्न संपला असे समजून सोडून द्यावा. मागच्या प्रश्नावर तोवर एक फुली पडली असेल तर उरलेल्या दोनांपैकी एक घ्यावा, दोन फुल्या पडल्या असतील तर उत्तर हातात आहेच, आणि एकही पडली नसेल तर ज्या पर्यायाचे छापील शब्द जसेच्या तसे ऐकू आले तो सोडून दुसरा घ्यावा. हा शेवटचा आडाखा नेहमी बरोबर ठरत नाही, पण काहीच हाती नसताना त्याचा उपयोग होतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्यामुळे जागा रिकामी मात्र कधीही ठेवू नये.

कागदावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरे उत्तरपत्रिकेवर उतरवायला १० मिनिटे मिळतात, संगणकावर उत्तरे तपासायला २ मिनिटे. या वेळात बहुपर्यायी उत्तरे नुसत्या शंकेने बदलू नयेत. बदलायचे असेल तर आपल्याच खुणांकडे पाहावे: ज्यावर फुली पडली होती तोच पर्याय उत्तर म्हणून लिहिला गेला असेल तर बदल योग्य आहे, खुणा उत्तराशी जुळत असतील तर ते तसेच राहू द्यावे.

सरावानंतरची तपासणी

बहुतेक विद्यार्थी सराव परीक्षा सोडवतात, गुण मोजतात आणि पुढची परीक्षा उघडतात. चकव्यांच्या बाबतीत त्याने फारशी प्रगती होत नाही, कारण आपण कशामुळे फसलो हे कळतच नाही. माझ्या मते एक रेकॉर्डिंग तीनदा वापरावे. पहिल्यांदा परीक्षेसारखे, मध्ये न थांबवता. दुसऱ्यांदा उत्तरे न पाहता, फक्त ठिपके आणि फुल्या नीट पडतात का ते बघण्यासाठी. तिसऱ्यांदा छापील संहिता समोर ठेवून.

संहिता उघडल्यावर आधी एक छोटी चाचणी घ्यावी. चुकलेला प्रश्न कानांनी नव्हे, डोळ्यांनी सोडवावा; सावकाश वाचून, शब्दकोश न उघडता. वाचून उत्तर बरोबर आले, तर अर्थ आपल्याला कळतो आणि चूक ऐकतानाच्या घाईची किंवा वेगाची आहे. अशा माणसाला खुणांच्या पद्धतीचा लवकर उपयोग होतो. वाचूनही तेच चुकीचे उत्तर आले, तर प्रश्न कानाचा नाही. एकतर प्रश्नवाक्य नीट वाचलेले नाही, किंवा बरोबर पर्याय ज्या वेगळ्या शब्दांत आला ते शब्द माहीत नाहीत. तिथे कितीही रेकॉर्डिंग ऐकली तरी फरक पडणार नाही. वाचन आणि शब्दसंग्रह यांवरच काम करावे लागेल, आणि ते खुणांनी भरून निघत नाही.

त्यानंतर वहीत प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे एक वाक्य लिहावे: हा कोणत्या वाक्याने बाद झाला आणि कसा. पाच प्रश्न असतील तर अशी दहा वाक्ये होतात, आणि अर्धा-पाऊण तास लागतो. ‘खरे आहे, पण कारण हे नव्हे’, ‘आधी वाटले, नंतर खोटे ठरले’, ‘फक्त अ‍ॅनाचे मत’, ‘शिक्षिकेने नुसते विचारले’ इतके साधे लिहिले तरी पुरते. वर्गातल्या एका मुलीची अशी वही मी चाळली, तेव्हा तिच्या चुकलेल्या उत्तरांपुढे जवळपास सगळीकडे ‘फक्त एकाचे मत’ हाच शेरा होता. बाकी सगळे चकवे ती सहज ओळखत होती. प्रश्न दोघांबद्दल असला की मात्र पहिल्या माणसाचे ठाम बोलणे ऐकून ती गोल करून टाकत असे. पुढचे काही आठवडे तिने ठिपके सोडून दिले आणि तिसऱ्या भागातल्या प्रत्येक प्रश्नाला फक्त नावांची अक्षरेच लिहिली.